‘जाऊन’ हें क्रियापद कां नव्हे?

सहामाही परीक्षेच्या मराठीच्या वह्या वर्गांत परत देण्याचा दिवस शिक्षकाला फारसा सुखाचा जात नाहीं. अशाच एका दिवशीं एक विद्यार्थी आपली वही घेऊन आमच्या मेजापाशीं आला आणि अदबीनें, पण ठामपणें म्हणाला, “सर, ‘गणू घरीं जाऊन जेवला’ या वाक्यांतील क्रियापदांखालीं रेघा ओढावयाच्या होत्या. मीं ‘जाऊन’ आणि ‘जेवला’ अशा दोन शब्दांखालीं ओढल्या. आपण ‘जाऊन’खालची रेघ खोडून अर्धा गुण कापला आहे. जाणें ही क्रिया नाहीं का?”

आम्ही उत्तर देण्यास तोंड उघडलें आणि तसेच थांबलों. कारण त्या वर्गास वर्षाच्या आरंभीं आम्हींच फळ्यावर लिहून दिलें होतें कीं, ‘क्रिया दाखविणारा शब्द तो क्रियापद.’ मुलानें ती व्याख्या प्रामाणिकपणें पाळली होती. जाणें ही क्रिया आहे, जेवणें हीहि क्रिया आहे. तेव्हां त्या व्याख्येप्रमाणें दोन्ही शब्द क्रियापदेंच ठरतात. चूक वहींत दिसत होती खरी, पण तिचें मूळ फळ्यावर होतें. त्या दिवशीं वर्गांत जो विचार झाला, तो येथें थोडा व्यवस्थित मांडून आमच्या लहान वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या व्याख्येचा अर्धाच भाग फळ्यावर लिहिला गेला होता. पुरी व्याख्या अशी कीं, क्रिया दाखवून जो शब्द वाक्याचा अर्थ पुरा करतो, तो क्रियापद. ‘गणू घरीं जाऊन’ एवढें बोलून कोणी थांबला, तर ऐकणारा ‘मग? पुढें काय?’ असें विचारल्यावांचून राहणार नाहीं. ‘गणू जेवला’ एवढें म्हणून थांबलें, तर कोणी तसें विचारीत नाहीं. ‘जाऊन’ या शब्दांत क्रिया आहे, पण विधान नाहीं. ‘जेवला’ या शब्दांत दोन्ही आहेत. विधान पुरें करणाऱ्या रूपास आपण क्रियापद म्हणतों. ज्या रूपांत धातूचा अर्थ शिल्लक आहे, पण विधान पुरें करण्याचें बळ नाहीं, त्यास धातुसाधित म्हणतों. जाऊन, जातांना, जाणारा, गेलेला, जाणें, जाण्यासाठीं हीं सर्व ‘जा’ या एकाच धातूपासून झालेलीं धातुसाधितें आहेत.

येथवर मुलांस पटलें. पण लगेच दुसऱ्या एकानें शंका काढली: “सर, वाक्य पुरें झालें कीं नाहीं, हें नुसतें कानाला वाटून कसें ठरवावें? लांब वाक्यांत मला तें कळतच नाहीं.” शंका रास्त होती. कानाचा कौल नेहमींच खरा ठरत नाहीं. हातानें करून पाहतां येईल अशी कसोटी पाहिजे.

पुष्कळ मुलें एक कसोटी आपल्या आपणच शोधून काढतात. कर्त्याचें लिंग किंवा वचन बदलावें आणि जो शब्द बदलेल तो क्रियापद समजावा: गणू जेवला, गंगू जेवली, मुलें जेवलीं. कसोटी सोपी आहे, परंतु ती फसविते. ‘बुडालेली घागर वर आली’ या वाक्यांत घागरीच्या जागीं हंडा घातला, तर ‘बुडालेला हंडा वर आला’ असें होतें. भांडें घातलें, तर ‘बुडालेलें भांडें वर आलें.’ दोन्ही शब्द सारखेच बदलले. ‘बुडालेली’ हें विशेषणाचें काम करणारें धातुसाधित आहे, आणि मराठींत आकारान्त विशेषणें लिंगवचनाप्रमाणें बदलतातच: काळा, काळी, काळें. तेव्हां लिंगवचन बदललें एवढ्यावरून तें क्रियापदच, असें सिद्ध होत नाहीं. उलट ‘गणूनें वासराला पाहिलें’ यांत गणूच्या जागीं गंगू घाला किंवा वासराच्या जागीं गाय घाला, ‘पाहिलें’ हा शब्द हालत नाहीं. तरी तें अस्सल क्रियापद आहे. म्हणजे ही कसोटी जेथें नको तेथें होकार देते आणि जेथें पाहिजे तेथें गप्प बसते.

क्रियापदाजवळ असणारी आणि धातुसाधिताजवळ नसणारी एक गोष्ट मात्र आहे, ती म्हणजे पुरुष. म्हणून कर्त्याच्या जागीं ‘तूं’ हा शब्द घालून पाहावें आणि शेवटीं ‘स’ कोणत्या शब्दास लागतो तें शोधावें. ‘तूं घरीं जाऊन जेवलास.’ येथें ‘स’ आला तो ‘जेवला’ या शब्दास. ‘जाऊन’ जसाचा तसा राहिला. ‘बुडालेला तूं वर आलास’ असें गमतीनें म्हणून पाहा. ‘स’ ‘आला’ या शब्दास लागतो, ‘बुडालेला’ यास लागत नाहीं. ‘बुडालेलास’ असें रूप कोणाच्या कानांवर आलें आहे काय? मात्र ‘तूं बुडालास’ हें सहज म्हणतां येतें. ‘बुडाला’ आणि ‘बुडालेला’ हे दोन शब्द दिसण्यांत इतके जवळचे असून, एवढ्या एका अक्षरानें त्यांची जात वेगळी होते.

या कसोटीचा विशेष असा कीं, ज्या ठिकाणीं क्रियापद कर्त्याप्रमाणें चालत नाहीं, तेथेंहि ती चालते. ‘तूं पोथी वाचलीस, तूं ग्रंथ वाचलास, तूं पुस्तक वाचलेंस’ या तीन वाक्यांत लिंग कर्माप्रमाणें बदललें, पण ‘स’ तिन्ही ठिकाणीं तूं या कर्त्यासाठीं आला. जें ‘पाहिलें’ मघां हालत नव्हतें, तें पाहा: ‘तूं वासराला पाहिलेंस.’ तें आतां ओळख देतें. कर्ता निर्जीव असला, तरी भिण्याचें कारण नाहीं. ‘पाऊस पडत होता’ या वाक्यांत पावसाच्या जागीं तूं घातलें, तर अर्थ विनोदी होतो, पण व्याकरण बिघडत नाहीं: ‘तूं पडत होतास.’ ‘स’ कोठें गेला तेवढें पाहावयाचें.

दोन रूपें मात्र ध्यानांत ठेवलीं पाहिजेत. भविष्यकाळांत ‘स’च्या ऐवजीं ‘शील’ येतें: तो जेवील, तूं जेवशील. तेंहि पुरुषाचेंच चिन्ह होय. आणि आज्ञा करतांना कांहींच चिन्ह लागत नाहीं: ‘तूं जेव.’ आज्ञार्थाच्या एकवचनीं नुसता धातूच क्रियापद होऊन उभा राहतो.

येथें पहिल्या विद्यार्थ्यानें पुन्हां बोट वर केलें. तो म्हणाला, “सर, मग ‘गणू पुस्तक वाचीत आहे’ यांत ‘स’ तर ‘आहे’ या शब्दासच लागतो: तूं पुस्तक वाचीत आहेस. पण गणू करतो काय? वाचतो. मग खरें क्रियापद कोणतें?” या प्रश्नानें आम्हांस आनंद झाला. कारण मुख्य आणि सहायक यांचा भेद समजण्याची वाट याच प्रश्नांतून जाते.

‘गणू पुस्तक वाचतो’ या वाक्यांत एकच शब्द दोन कामें करतो. कोणती क्रिया घडते तेंहि तोच सांगतो, आणि विधान पुरेंहि तोच करतो. ‘गणू पुस्तक वाचीत आहे’ या वाक्यांत तींच दोन कामें दोन शब्दांनीं वांटून घेतलीं आहेत. ‘वाचीत’ या शब्दानें क्रियेचा अर्थ घेतला. ‘आहे’ या शब्दानें काळ, पुरुष, वचन हीं घेऊन विधान पुरें केलें. म्हणून ‘वाचीत’ हें मुख्य क्रिया सांगणारें धातुसाधित, ‘आहे’ हें त्यास साहाय्य करणारें सहायक क्रियापद, आणि दोन्ही मिळून संयुक्त क्रियापद. मुलें ‘मुख्य’ हा शब्द ऐकून समजतात कीं, जें मुख्य त्यासच काळाचें आणि पुरुषाचें चिन्ह लागत असेल. संयुक्त क्रियापदांत गोष्ट नेमकी उलट असते. अर्थानें जें मुख्य तें रूपानें धातुसाधित असतें, आणि अर्थानें जें मदतनीस तें रूपानें खरें क्रियापद असतें.

याची खात्री करून घ्यावयाची असेल, तर एखादें साधें वाक्य नकारार्थी करून पाहावें. ‘तूं जेवतोस’ याचा नकार ‘तूं जेवत नाहींस’ असा होतो. मघां ‘जेवतोस’ हा एकच शब्द होता. नकार येतांच त्याचे दोन तुकडे झाले, क्रियेचा अर्थ ‘जेवत’ या धातुसाधितांत राहिला आणि ‘स’ उडी मारून ‘नाहीं’ या शब्दास जाऊन लागला. ‘तूं गेलास’ याचेंहि तसेंच: ‘तूं गेला नाहींस.’ म्हणजे वाक्य पुरें करण्याचा अधिकार कोणत्याहि एका क्रियेच्या मालकीचा नसतो. तो वाक्यांत एका शब्दाकडून दुसऱ्या शब्दाकडे जाऊं शकतो. धातुसाधिताचा नकार मात्र निराळ्या रीतीनें होतो. त्याच्या मागें ‘नाहीं’ न येतां पुढें ‘न’ येतो: न जातां, न जेवतां, न वाचलेलें पुस्तक. ज्यास ‘स’ची कसोटी अवघड वाटते, त्यानें ही खूणहि जोडीस ठेवावी.

आतां एक मोठी अडचण राहिली. क्रियापदाच्या मागें धातुसाधित दिसलें, कीं तें सहायकच समजावयाचें काय? ‘गणू घरीं जाऊन जेवला’ यांत ‘जेवला’ हें ‘जाऊन’चें सहायक आहे काय? नाहीं. गणूनें दोन निराळ्या क्रिया केल्या: आधीं गेला, मग जेवला. येथें धातुसाधित काढून पाहावें. ‘गणू जेवला.’ पहिली क्रिया कमी झाली, परंतु उरलेली गोष्ट खरीच राहिली. याच्या जोडीस ‘गणू दूध पिऊन टाकतो’ हें वाक्य घ्या. ‘पिऊन’ काढलें, तर ‘गणू दूध टाकतो’ असें उरतें. बिचाऱ्या गणूनें दूध प्यालें होतें. आपण तें जमिनीवर ओतून टाकलें! येथें टाकण्याची क्रिया मुळीं घडलेलीच नाहीं. ‘टाकतो’ हा शब्द पिणें पुरतें झालें, राहूं दिलें नाहीं, एवढेंच सुचवितो. म्हणून ‘पिऊन टाकतो’ हें संयुक्त क्रियापद. धातुसाधित काढल्यावर उरलेलें क्रियापद आपल्या मूळच्या अर्थानें खरें ठरत असेल तर तें स्वतंत्र आणि मुख्य. खोटें किंवा निरर्थक ठरत असेल तर तें सहायक.

या तीन गोष्टी एकत्र लावून एक लहानसा उतारा पाहूं. वहींत खुणा करण्याची आमची रीत अशी आहे: क्रियापदाखालीं दोन सरळ रेघा, धातुसाधिताखालीं एक नागमोडी रेघ, आणि दोन्ही मिळून संयुक्त क्रियापद होत असेल, तर दोघांस वरून जोडणारी एक कमान.

“गणू पहाटें उठून विहिरीवर गेला. पाणी शेंदतांना त्याच्या हातांतून दोर सुटला. बुडालेली घागर काढण्यासाठीं तो गळ शोधूं लागला. ‘तूं घागर घालवून बसलास ना?’ असें आईनें विचारलें. शेवटीं त्याला खरें सांगावें लागलें.”

पहिलें वाक्य. ‘तूं पहाटें उठून विहिरीवर गेलास.’ ‘स’ ‘गेला’ या शब्दास लागला. त्याखालीं दोन रेघा. ‘उठून’ काढलें तरी ‘गणू विहिरीवर गेला’ हें खरेंच राहतें. म्हणून कमान नाहीं. ‘उठून’खालीं नागमोडी रेघ.

दुसरें वाक्य. कर्ता ‘दोर’ आहे, गणू नव्हे. दोराच्या जागीं तूं घातलें कीं ‘तूं सुटलास’ होतें. ‘सुटला’ हें क्रियापद. ‘शेंदतांना’ या शब्दानें पुष्कळांस फसविलें, कारण त्याला ‘पाणी’ हें कर्म आहे. मुलें म्हणतात, ज्यास कर्म आहे तें क्रियापदच असलें पाहिजे. पण धातुसाधित झालें तरी धातूचा जुना संसार त्याच्याबरोबर असतो. त्याचें कर्म त्यास सोडून जात नाहीं. कर्म असणें ही धातूची खूण आहे, क्रियापदाची नव्हे. ‘शेंदतांना’खालीं नागमोडी रेघच पाहिजे.

तिसरें वाक्य. यांत धातूपासून झालेले चार शब्द आहेत: बुडालेली, काढण्यासाठीं, शोधूं, लागला. ‘तूं शोधूं लागलास’ यावरून दोन रेघांचा मान ‘लागला’ यास मिळतो. ‘शोधूं’ काढून पाहिलें तर ‘तो गळ लागला’ असें उरतें, आणि त्यास कांहीं अर्थ नाहीं; म्हणून ‘शोधूं लागला’ यांवर कमान. ‘बुडालेली’ घागरीचें विशेषण. ‘काढण्यासाठीं’ यांत ‘काढणें’ हें नामाचें काम करतें आणि त्यास ‘साठीं’ हें शब्दयोगी अव्यय लागलें आहे. ‘घागर’ हें त्याचें कर्म त्याच्या जवळच बसलें आहे. या दोन्ही शब्दांखालीं नागमोडी रेघा.

चौथें वाक्य. एका वाक्याच्या पोटांत येथें दुसरें वाक्य आहे, म्हणून क्रियापदेंहि दोन आहेत. आईच्या बोलण्यांत ‘स’ आपण होऊनच उभा आहे: ‘बसलास’. ‘घालवून’ काढलें तर ‘तूं घागर बसलास’ असें होतें. तेव्हां ‘घालवून बसलास’ हें संयुक्त. गणू येथें कोठेंहि बसलेला नाहीं. बसण्याचा मूळ अर्थ जाऊन, नको तें घडून गेलें असा भाव तेवढा राहिला आहे. बाहेरच्या वाक्यांत ‘तूं विचारलेंस’ यावरून ‘विचारलें’ हें क्रियापद ठरतें, आणि त्याच्या मागें धातुसाधित नसल्यामुळें तें एकटेंच आहे.

पांचवें वाक्य मुद्दाम शेवटीं ठेविलें आहे. कारण येथें आमची कसोटी थकते. ‘त्याला’च्या जागीं ‘तुला’ घातलें, तर ‘तुला खरें सांगावें लागलें’ असेंच होतें. ‘स’ कोठेंच आला नाहीं. ज्यास तें करावें लागलें तो ‘तुला’ असा चतुर्थींत बसला आहे, आणि ‘स’ हा चतुर्थीच्या हांकेस ओ देत नाहीं. अशा वेळीं काळ बदलावा. ‘त्याला रोज खरें सांगावें लागतें, काल सांगावें लागलें, उद्यां सांगावें लागेल.’ तिन्ही काळांत ‘सांगावें’ स्थिर आहे आणि ‘लागणें’ बदलत आहे. म्हणून ‘लागलें’ हें क्रियापद. ‘सांगावें’ काढलें तर ‘त्याला खरें लागलें’ असें निरर्थक वाक्य उरतें, तेव्हां ‘सांगावें लागलें’ यांवर कमान. तुला, मला, त्याला अशा शब्दांनीं वाक्य सुरू झालें, कीं ‘स’ची वाट न पाहतां काळाची कसोटी लावावी.

आणखी एका ठिकाणीं ‘स’ दिसत नाहीं, पण त्याचें कारण निराळें आहे. ‘मामा उद्यां येणार.’ येथें सर्व मुलें ‘येणार’खालीं दोन रेघा ओढतात. ‘तूं उद्यां येणार’ असें म्हणून पाहा; ‘स’ नाहीं. पण ‘तूं उद्यां येणार आहेस’ असें पुरें वाक्य म्हटलें, कीं ‘स’ प्रकट होतो. नकारांतहि ‘येणार नाहींस’ असा तो बाहेर येतो. म्हणजे येथें ‘आहे’ हें सहायक क्रियापद बोलतांना गाळलेलें आहे. मुलांनीं ‘येणार’खालीं नागमोडी रेघ ओढून पुढें कंसांत ‘आहे’ लिहावें आणि दोन रेघा त्या ‘आहे’खालीं ओढाव्या.

यावरून ‘आहे’ दिसलें कीं तें सहायकच, असा उलटा समज मात्र कोणी करून घेऊं नये. ‘गणू विहिरीवर आहे’ यांत ‘आहे’च्या मागें धातुसाधितच नाहीं, मदत करावयाची तरी कोणास? येथें असणें हीच सांगावयाची गोष्ट आहे, म्हणून ‘आहे’ हेंच मुख्य आणि एकमेव क्रियापद.

इतकें झाल्यावर एका मुलीनें जें वाक्य पुढें केलें, त्यानें आम्हांस खरोखर विचारांत पाडलें. “सर, ‘शिपायानें चिठ्ठी वाचून टाकली’ यांत कमान घालावी कीं नाहीं?” ‘वाचून’ काढलें तर ‘शिपायानें चिठ्ठी टाकली’ असें सार्थ वाक्य उरतें. पण तें खरें आहे कीं खोटें, हें कशावरून ठरवावें? शिपायानें चिठ्ठी वाचून केरांत फेंकली असेल, तर टाकण्याची क्रिया खरी, आणि ‘टाकली’ हें मुख्य क्रियापद. त्यानें ती एकदांची वाचून संपविली आणि खिशांत ठेविली असेल, तर ‘वाचून टाकली’ हें संयुक्त. दोन्ही अर्थांनीं अक्षरें तींच राहतात. मधें स्थळाचा शब्द घालून पाहतां येतो: ‘चिठ्ठी वाचून केरांत टाकली’ असें म्हणतांना मूळ अर्थ बिघडत नसेल, तर क्रिया दोन, बिघडत असेल, तर एक. पण मूळ अर्थ कोणता, हें त्या एकट्या वाक्यांत लिहिलेलेंच नाहीं. तें मागच्यापुढच्या वाक्यांवरूनच कळणार. अशा ठिकाणीं परीक्षकानें उतारा न देतां सुटें वाक्य घातलें, तर दोन्ही उत्तरें कारणासह लिहावीं आणि दोन्हींस गुण मिळावे, असें आमचें मत आहे. संयुक्त क्रियापद कोणतें मानावें याविषयीं मराठी व्याकरणकारांतहि एकमत नाहीं. मोरो केशव दामले यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालीं प्रसिद्ध झालें, त्यास शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं, तरी हा वाद पुरता मिटलेला नाहीं. मग एका लहान मुलीस तेथें अडखळल्यासारखें झालें, यांत नवल तें काय?

आमच्या शाळेंतील मुलें इंग्रजी वाक्यांचेंहि पदच्छेद करतात, आणि एका भाषेची संवय दुसरींत नेऊन घोटाळा करतात. ‘ही इज् रीडिंग्’ या वाक्यांत कर्ता बदलून ‘यू’ घातला, तर ‘यू आर् रीडिंग्’ होतें. ‘इज्’ बदलला, ‘रीडिंग्’ तसाच राहिला. तेव्हां क्रियापदाची खूण ‘इज्’ या शब्दावर आहे आणि ‘रीडिंग्’ हें धातुसाधित. येथपर्यंत मराठीसारखेंच झालें. भेद जागेचा आहे. इंग्रजींत सहायक क्रियापद पुढें चालतें आणि मुख्य क्रिया सांगणारा शब्द मागून येतो. मराठींत मुख्य क्रिया आधीं येते आणि सहायक वाक्याच्या अखेरीस असतें. म्हणून मराठी वाक्य तपासतांना शेवटाकडून मागें यावें. शिवाय पुरुषाची कसोटी इंग्रजींत थोड्याच ठिकाणीं चालते. ‘आय् वेन्ट्, यू वेन्ट्, ही वेन्ट्’ हीं तिन्ही रूपें सारखींच. मराठीचा ‘स’ यापेक्षां पुष्कळ बोलका आहे.

तास संपत आला होता. शेवटीं आम्हीं फळ्यावर एक म्हण लिहिली: ‘नाचतां येईना, अंगण वांकडें.’ पहिल्याच विद्यार्थ्यास पुढें बोलाविलें आणि खुणा करावयास सांगितलें. त्यानें क्षणभर विचार करून ‘तुला नाचतां येईना’ असें पुटपुटलें. ‘स’ आला नाहीं. मग तो आपणच म्हणाला, “चतुर्थी आहे, काळ बदलतों. नाचतां येतें, नाचतां आलें, नाचतां येईल.” त्यानें ‘येईना’खालीं दोन रेघा ओढल्या, ‘नाचतां’खालीं नागमोडी ओढली. ‘नाचतां’ काढल्यावर नुसतें ‘येईना’ उरतें आणि तें कोणाच्या तरी येण्याविषयीं बोलूं लागतें, असें सांगून त्यानें दोघांवर कमान घातली. उरला भाग ‘अंगण वांकडें’. येथें तो थबकला. “सर, यांत क्रिया दाखविणारा शब्दच नाहीं.”

“मग वाक्य पुरें झालें नाहीं काय?” आम्हीं विचारलें.

“झालें,” तो म्हणाला. नंतर त्यानें ‘तूं वांकडा’ असें म्हणून पाहिलें, थोडा हंसला, आणि ‘तूं वांकडा आहेस’ असें म्हणून कंसांत ‘आहे’ लिहिलें व त्याखालीं दोन रेघा ओढल्या. मागें धातुसाधित नसल्यामुळें कमान घातली नाहीं. कोणी न सांगतां त्यानें गाळलेलें मुख्य क्रियापद शोधून काढलें होतें.

त्याचा कापलेला अर्धा गुण आम्हांस परत देतां आला नाहीं. ‘जाऊन’ हें क्रियापद नव्हेच. मात्र वर्ग सुटण्यापूर्वीं आम्हीं मुलांस त्यांच्या वह्यांतील जुनी व्याख्या उघडावयास लावली, आणि ‘क्रिया दाखविणारा’ या शब्दांपुढें ‘व वाक्य पुरें करणारा’ हे शब्द त्यांच्याकडून लिहवून घेतले. पहिल्याच दिवशीं ते फळ्यावर असते, तर ‘जाऊन’खालीं ती रेघ कोणी ओढली नसती.